अ‍ॅडसेन्सचे पहिले पैसे: शंभर डॉलरनंतरची खरी गंमत

अ‍ॅडसेन्स वापरायला लागून आता बरेच महिने झाले. आपल्या ब्लॉगवर किंवा साइटवर जाहिराती दाखवल्याबद्दल पैसे देणारी ही गुगलची सेवा. जाहिराती कशा लावायच्या यावर लिहिणारे ढीगभर आहेत, म्हणून मी फक्त पैसे हातात येईपर्यंतच्या वाटेबद्दल लिहितो. माझं खातं डॉलरमध्ये आहे आणि पैसे वायर ट्रान्सफरने बँकेत येतात. दुसऱ्या चलनातल्या खात्यांच्या मर्यादा वेगळ्या असतात, हे आधी लक्षात घ्या.

दहा डॉलर जमले की पत्त्याची पडताळणी सुरू होते. त्यासाठीचा पिन ईमेलने येत नाही, साध्या टपालाने येतो. पाकीट म्हणजे कडा फाडून उघडायचा छोटासा कागद, आत सहा आकडे. जाहिरातीचं पत्रक समजून कोणी तो रद्दीत टाकू नये म्हणून घरात आधीच सांगून ठेवा. यायला साधारण दोन ते चार आठवडे लागतात, आणि पहिला पिन तयार झाल्यापासून चार महिन्यांत तो भरला नाही तर जाहिराती थांबतात. पत्ता लिहिताना कागदपत्रांवरची भाषा जशीच्या तशी उतरवण्यापेक्षा पोस्टमनला घर सापडेल असा पत्ता लिहा. घर क्रमांक आणि पिनकोड त्यांच्या-त्यांच्या रकान्यात हवेत, एकाच ओळीत कोंबलेले नकोत. आजच्या काळात ही टपालाची पद्धत मला तरी जुनाट वाटते, पण तिला सहजासहजी बगल देता येत नाही.

बँकेचा तपशील भरताना दोनच जागी जपावं लागतं. खातेदाराचं नाव बँकेत आहे तसंच, मधल्या नावासकट. आणि स्विफ्ट कोड, म्हणजे परदेशी व्यवहारात बँक ओळखायचा कोड. तो आठ किंवा अकरा अक्षरांचा असतो: पहिली चार बँकेची, पुढची दोन देशाची, त्यापुढची दोन ठिकाणाची आणि शेवटची तीन असलीच तर शाखेची. सगळ्याच शाखांना स्वतःचा कोड नसतो, त्यामुळे परदेशी व्यवहार कुठल्या कोडवर घेतात ते बँकेत विचारूनच भरा. पाचव्या-सहाव्या जागी तुमच्या देशाची अक्षरं दिसत नसतील तर कोड नक्कीच चुकलाय.

शंभर डॉलर ही पैसे सुटण्याची किमान मर्यादा. महिन्याचा आकडा पुढच्या महिन्याच्या सुरुवातीला पक्का होतो आणि पैसे २१ ते २६ तारखेच्या दरम्यान निघतात. त्यानंतर बँकेत जमा व्हायला आणखी काही दिवस जातात.

आता मुद्द्याचं. समजा ११२ डॉलर निघाले आणि वाटेतली मध्यस्थ बँक व आपली बँक मिळून १५ डॉलर कापून घेतात. उरले ९७. ते स्थानिक चलनात बदलताना बँक बाजारभाव देत नाही, स्वतःचा भाव लावते. बाजारात डॉलरला शंभर धरले तर तिथे साडेसत्त्याण्णव मिळाले असं समजू. म्हणजे हातात पडले साडेचौऱ्याण्णव डॉलरच्या आसपास. जवळजवळ साडेपंधरा टक्के वाटेतच गेले. हे आकडे बँकेप्रमाणे बदलतात, पण रचना हीच: एक कपात ठरावीक, दुसरी टक्क्यात.

या दोन्ही वेगळ्या ओळखणं महत्त्वाचं आहे, कारण खातेउताऱ्यावर एकच रक्कम दिसते आणि सगळा दोष डॉलरच्या भावावर जातो. माझ्या पहिल्या जमेनंतर शाखेतल्या माणसानेही ‘रेट पडलाय’ एवढंच सांगितलं. मी व्यवहाराची स्विफ्ट प्रत, म्हणजे पैसे पाठवताना बँकांमध्ये गेलेल्या संदेशाची नक्कल, मागितली. तिच्यात निघालेली रक्कम आणि बँकेपर्यंत पोचलेली रक्कम वेगवेगळ्या ओळीत असते, त्यामुळे मधल्या वाटेतली कपात लगेच दिसते. आपल्या बँकेचं शुल्क त्या प्रतीत नसतं, ते जमा सल्ल्यात, म्हणजे पैसे जमा झाल्याच्या बँकेच्या सूचनापत्रात शोधावं लागतं. भाव ताडून बघताना पैसे जमा झाले त्या दिवसाचा बाजारभाव घ्या. अ‍ॅडसेन्सने पैसे सोडले त्या दिवसाचा घेतलात तर हिशोब जुळणार नाही.

भावातला फरक बँक बदलल्याशिवाय फारसा कमी होत नाही. ठरावीक कपातीवर मात्र सोपा उपाय खुद्द अ‍ॅडसेन्समध्येच आहे: मर्यादा स्वतःहून वाढवणं. तेच १५ डॉलर ४२० डॉलरमधून गेले तर उरलेल्या ४०५ चे त्याच भावाने साधारण ३९५ होतात, म्हणजे एकूण घट सहा टक्क्यांच्या आसपास येते. मी पहिली जमा झाल्यावर मर्यादा वाढवली. पहिल्या वेळी मात्र वाढवू नका, शंभरच राहू द्या. नाव किंवा कोडमध्ये काही गडबड असेल तर ती कमी रकमेवर कळलेली बरी. आणि वाढवलेली मर्यादा किंवा पैसे थांबवून ठेवण्यासाठी लावलेली रोक काढायची असेल तर ते २० तारखेच्या आत उरका, नाहीतर ते पैसे पुढच्या महिन्यावर जातात.