अनोळखी लॉगिन बंद केले, तरी पत्रे परक्या हाती जात राहिली

मी अनुवादाचे काम करते आणि बिले ईमेलनेच पाठवते. मध्यंतरी एका जुन्या ग्राहकाने फोनवर बोलता बोलता सांगितले, की बिलाचे पैसे तुमच्या नव्या बँक खात्यात भरले आहेत. मी नवे खाते उघडलेलेच नव्हते. माझ्याच ईमेल पत्त्यावरून, माझ्याच बिलाच्या पत्राला उत्तर म्हणून, ‘आमची बँक बदलली आहे’ असा मजकूर त्यांना गेला होता. माझ्याकडच्या पाठवलेल्या पत्रांत मात्र तो कुठेही नव्हता. ग्राहकाने त्याच दिवशी बँकेला कळवले, पण तोवर रक्कम काढून घेतली गेली होती.

याची सुरुवात तीन आठवड्यांपूर्वी झाली होती. एका परिचिताच्या पत्त्यावरून दस्तऐवजाची लिंक आली, ती उघडताच लॉगिनचे पान समोर आले आणि मी पासवर्ड टाकला. पान बनावट होते, आणि दुहेरी पडताळणी मी सुरूच केली नव्हती. नव्या लॉगिनची सूचना माझ्या इनबॉक्समध्ये आलीही असणार, पण तो इनबॉक्स आता दोघांचा होता आणि अशी सूचना वाचण्याआधी पुसून टाकणे दुसऱ्याला अवघड नव्हते.

माझे खाते जीमेलचे आहे. गुगल खात्याच्या सुरक्षेच्या विभागात ‘Your devices’ खाली ‘Manage all devices’ उघडले, की सध्या लॉगिन असलेली आणि गेल्या काही आठवड्यांत वापरलेली उपकरणे दिसतात. तिथे मला ‘Windows’ अशा दोन नोंदी दिसल्या. खरे सांगायचे तर ही यादी मी फसवणुकीच्या आठवडाभर आधीही पाहिली होती, आणि माझाही संगणक विंडोजचाच असल्याने दुसरी नोंद माझ्याच दुसऱ्या ब्राउझरची असेल, असे समजून सोडून दिली होती. असे होऊ शकते, कारण एकाच यंत्राची अनेक लॉगिन सत्रे दिसतात. गावाच्या नावावरूनही नक्की सांगता येत नाही. ते इंटरनेट जोडणीवरून काढलेले अंदाजे ठिकाण असते आणि माझ्याच फोनपुढे कित्येकदा भलतेच शहर दिसते. खरा पुरावा वेळेचा असतो. ती नोंद उघडली तेव्हा पहिले लॉगिन नेमके त्या बनावट पानाच्या दिवसाचे निघाले, आणि शेवटचा वापर मी झोपेत असतानाचा.

संगणकावर इनबॉक्सच्या अगदी तळाशी उजवीकडे ‘Details’ असा बारीक अक्षरांतला दुवा असतो. तिथे खाते शेवटी कोणकोणत्या दहा आयपी पत्त्यांवरून, ब्राउझरमधून की फोनमधून उघडले गेले, ते वेळेसह दिसते. माझी शंका तिथे पक्की झाली.

यानंतर मी घाईत दुसरी चूक केली. ती नोंद निवडून ‘Sign out’ केले आणि निर्धास्त झाले. दुसऱ्या दिवशी सकाळी तेच उपकरण पुन्हा यादीत होते. साइन आउट केल्याने चालू सत्र तुटते, पण ज्याला पासवर्ड ठाऊक आहे तो मिनिटभरात परत आत येतो. म्हणून आधी पासवर्ड बदलायचा, मग अनोळखी उपकरणे बाहेर काढायची, आणि लगेच दुहेरी पडताळणी सुरू करायची. हे सारे खात्रीच्या यंत्रावरून करावे, कारण संगणकातच हेरगिरी करणारे सॉफ्टवेअर शिरले असेल, तर नवा पासवर्डही त्याच वाटेने जातो. पुनर्प्राप्तीचा फोन क्रमांक आणि ईमेल पत्ता आपलाच आहे ना, तेही त्याच बैठकीत पाहावे.

या क्रमाने सगळे केल्यावर यादीत त्या उपकरणापुढे साइन आउट झाल्याची खूण दिसू लागली. ती नोंद काही काळ तशीच दिसत राहते, त्याने घाबरून जाऊ नये.

तरीही चार दिवस झाले, त्या ग्राहकाचे एकही पत्र मला दिसेना, आणि ते तर फोनवर सांगत होते की मी रोज लिहितो आहे. शेवटी जीमेलच्या सेटिंग्जमध्ये ‘Filters and Blocked Addresses’ उघडले. तिथे मी कधीच न केलेला एक फिल्टर होता: या ग्राहकाचे पत्र आले, की ते इनबॉक्समध्ये न दाखवता वाचलेले म्हणून नोंदवायचे आणि एका परक्या पत्त्यावर पुढे पाठवायचे. साइन आउटचा आणि पासवर्डचा या फिल्टरशी काहीही संबंध नसतो. चोर बाहेर गेल्यावरही त्याने लावलेली सोय चालूच होती. फिल्टर काढून टाकला, आणि शेजारच्या ‘Forwarding and POP/IMAP’ विभागात नोंदवलेला तो परका पत्ताही पुसला. मग ‘All Mail’ मध्ये शोधले, तेव्हा ग्राहकाची अकरा पत्रे सापडली. त्यांतल्या पहिल्याच पत्रात त्यांनी विचारले होते, ‘खाते क्रमांक खरोखर बदलला आहे का, कृपया एकदा कळवा.’