सुडोकू सॉल्व्हर: दर वेळी शोधून तपासायचं की नोंद ठेवून?

दुसऱ्या वर्षाच्या प्रोग्रॅमिंगमध्ये रिकर्शन शिकवून झालं की सुडोकू सोडवणारा प्रोग्रॅम हा असाइनमेंट हमखास येतो. बॅकट्रॅकिंगचा सांगाडा सगळ्यांचा सारखाच असतो. रिकामं घर घ्या, त्यात १ ते ९ आकडे क्रमाने घालून पाहा, चालला तर पुढे जा, अडलात तर आकडा पुसून मागे या. ठरवायचं असतं ते एवढंच की "हा आकडा इथे चालतो का" हे कसं तपासायचं. एक मार्ग असा की प्रत्येक वेळी रांग, स्तंभ आणि ३×३ ची चौकट डोळ्यांखालून घालायची. दुसऱ्या मार्गात कुठल्या रांगेत कोणता आकडा वापरला गेलाय याची वेगळी नोंद ठेवायची आणि फक्त ती पाहायची. तुम्ही या दोहोंत अडकला असाल तर हे वाचा.

आधी पहिला मार्ग, C++ मध्ये:

```cpp
bool isSafe(int r, int c, int v) {
    int br = r - r % 3, bc = c - c % 3;
    for (int i = 0; i < 9; i++) {
        if (g[r][i] == v || g[i][c] == v) return false;
        if (g[br + i / 3][bc + i % 3] == v) return false;
    }
    return true;
}
```

एका आकड्यासाठी जास्तीत जास्त २७ तुलना होतात. खरं तर एका घराला अडवू शकणारी घरं २०च असतात: रांगेतली ८, स्तंभातली ८ आणि चौकटीतली उरलेली ४. बाकीच्या तुलना पुनरावृत्तीच्या आहेत, पण त्या टाळण्यासाठी कोड गुंतागुंतीचा करण्यात अर्थ नाही.

दुसऱ्या मार्गात `row[9][10]`, `col[9][10]` आणि `box[9][10]` असे तीन तक्ते असतात. सोडवणाऱ्या फंक्शनच्या आतल्या लूपचा गाभा असा:

```cpp
int b = (r / 3) * 3 + c / 3;
if (row[r][v] || col[c][v] || box[b][v]) continue;
g[r][c] = v;
row[r][v] = col[c][v] = box[b][v] = true;
if (solve(pos + 1)) return true;
row[r][v] = col[c][v] = box[b][v] = false;
g[r][c] = 0;
```

इथे तपासणी फार तर तीन वाचनांत संपते. म्हणून बरेच जण डोळे झाकून हाच मार्ग धरतात. माझं मत वेगळं आहे, आणि ते एक कोडं हाताने चालवून पाहिलं की पटेल. हे कोडं घेऊ. यात ३० आकडे दिलेले आहेत आणि ५१ घरं रिकामी आहेत:

```
5 3 . . 7 . . . .
6 . . 1 9 5 . . .
. 9 8 . . . . 6 .
8 . . . 6 . . . 3
4 . . 8 . 3 . . 1
7 . . . 2 . . . 6
. 6 . . . . 2 8 .
. . . 4 1 9 . . 5
. . . . 8 . . 7 9
```

रांगा आणि स्तंभ शून्यापासून मोजू. पहिलं रिकामं घर (०,२). तिथे १, २ आणि ४ चालतात. प्रोग्रॅम १ ठेवतो. (०,३) मध्ये २ आणि ६ चालतात, २ बसतो. (०,५) मध्ये ४ बसतो. (०,६) ला ८ किंवा ९ उरतात, ८ बसतो. (०,७) ला फक्त ९. आता (०,८) साठी रांगेत एकटा ६ शिल्लक, पण ६ त्या स्तंभातही आहे आणि चौकटीतही. अडलं. (०,७) कडे ९ नंतर पर्याय नाही, म्हणून आणखी मागे. (०,६) मध्ये ९ घातला तर (०,७) ला ६ आणि ८ उरतात आणि दोन्ही अडतात. पुन्हा मागे. (०,५) मध्ये ६ घातला की मग (०,६) ला ४, (०,७) ला ९, (०,८) ला ८ असं सगळं बसतं आणि पहिली रांग `5 3 1 2 7 6 4 9 8` अशी भरून प्रोग्रॅम पुढच्या रांगेत शिरतो. खरं उत्तर `5 3 4 6 7 8 9 1 2` आहे, म्हणजे (०,२) मधला १ पुसायला त्याला पुन्हा इथपर्यंत मागे यावं लागणार.

या वाटचालीत तपासणी कशी केली याला जागाच नव्हती. दोन्ही मार्ग अगदी याच घरांतून, याच क्रमाने जातात आणि याच ठिकाणी मागे येतात. तक्त्यांमुळे प्रत्येक पाऊल स्वस्त होतं, पण पावलांची संख्या एकानेही कमी होत नाही. यातून एक फार उपयोगी चाचणी मिळते. `solve` च्या सुरुवातीला एक काउंटर वाढवा आणि दोन्ही आवृत्त्या एकाच कोड्यावर चालवा. आकडा तंतोतंत सारखा आला पाहिजे. एकाचाही फरक पडला तर कुठल्यातरी आवृत्तीत चूक आहे, मग उत्तर बरोबर दिसत असलं तरी.

चूक बहुतेक वेळा तक्त्यांच्याच आवृत्तीत निघते, कारण तिथे एकच गोष्ट दोन ठिकाणी लिहिलेली असते, ग्रिडमध्ये आणि तक्त्यांमध्ये. समजा मागे येताना तुम्ही `g[r][c] = 0` केलं, पण तक्त्यांतली नोंद पुसायला विसरलात. वरचीच वाटचाल बघा. (०,७) वरून मागे आलो तेव्हा ९ ची नोंद रांगेत तशीच राहिली, म्हणून (०,६) ला ९ नाकारला गेला. (०,५) मध्ये ६ बसला, पण (०,६) ला ४ हवा असताना त्याची जुनी नोंद अजून जिवंत आहे. (०,५) चा ८ तसाच अडला, मग (०,३) चा ६, मग (०,२) चे २ आणि ४. क्षणार्धात प्रोग्रॅम सांगतो की उत्तर नाही. सुटणाऱ्या कोड्याला इतक्या झटपट नकार मिळाला तर आधी हीच ओळ तपासा. आणि ग्रिड छापून पाहिलं तर ते स्वच्छ दिसतं, मूळ कोड्यासारखंच. चूक तक्त्यांत लपलेली असते. पहिल्या मार्गात पुसायचं राहिलं तरी उत्तर हुकतंच, पण छापलेल्या ग्रिडमध्ये उगाच भरलेले आकडे समोर दिसतात. शिकताना हा फरक मला वेगापेक्षा मोठा वाटतो.

चौकटीच्या क्रमांकाची चूकही अशीच. `(r / 3) * 3 + c / 3` ऐवजी `r / 3 + c / 3` लिहिलं की नऊ चौकटींना ० ते ४ असे पाचच क्रमांक मिळतात आणि कर्णातल्या चौकटी एकमेकींत मिसळतात. वरच्या कोड्यात (२,७) चा ६ आणि (३,४) चा ६ या दोघांना चौकट २ मिळते. दिलेले आकडे भरतानाच "ही नोंद आधीच आहे का" असं विचारलंत तर प्रोग्रॅम (३,४) वर थांबून ओरडेल आणि चूक दोन मिनिटांत सापडेल.

हा प्रश्न विचारणं तक्त्यांच्या मार्गात फुकट पडतं, आणि इथे तो मार्ग खरंच सरस आहे. पहिल्या मार्गात `isSafe` फक्त नव्या आकड्यासाठी चालतं. दिलेले आकडे आपापसात भांडतात का हे कोणी पाहतच नाही. शेवटच्या रांगेत दोन ५ देऊन पाहा. चुकीचं उत्तर येणार नाही, हे मोजूनच सांगता येतं. स्तंभ सगळे नीट भरले तर ५ एकूण ९ वेळा यायला हवा. वरच्या आठ रांगांत तो ८ वेळा आला की शेवटच्या रांगेसाठी एकच उरतो. म्हणजे पूर्ण भरलेलं ग्रिड कधीच तयार होणार नाही. पण प्रोग्रॅमला हे ठाऊक नसल्यामुळे तो वरच्या रांगा नाना प्रकारे भरत बसतो आणि लटकल्यासारखा दिसतो. पहिला मार्ग घेतलात तर सोडवण्याआधी प्रत्येक दिलेला आकडा क्षणभर उचलून, घर ० करून, त्यावर `isSafe` चालवा आणि आकडा परत ठेवा. घर रिकामं केलं नाहीत तर आकडा स्वतःलाच धडकेल आणि प्रत्येक कोडं अवैध ठरेल.

आता वेगाबद्दल. एखादं कोडं फार वेळ घेत असेल तर तक्ते लावून तो वेळ काही पटींनी कमी होईल, एवढंच. वरच्या रांगा जवळजवळ रिकाम्या आणि उत्तराची पहिली रांग `9 8 7 6 5 4 3 2 1` असं कोडं १ पासून मोजणाऱ्या प्रोग्रॅमला मुद्दाम छळण्यासाठी बनवता येतं, कारण खरा आकडा प्रत्येक घरात उशिरा येतो. तिथे पावलंच कमी करावी लागतात. त्यासाठी पुढचं रिकामं घर घेण्याऐवजी ज्या घरात सगळ्यांत कमी आकडे चालतात ते घर निवडायचं. आपल्या कोड्यात मधलं घर (४,४) बघा: रांगेत ४, ८, ३, १, स्तंभात ७, ९, ६, २, १, ८. उरला फक्त ५. अंदाज नाही, मागे येणं नाही. ५ ठेवल्यावर शेजारच्या घरांचे पर्याय आणखी घटतात. ही निवड करायला प्रत्येक पावलावर सगळ्या रिकाम्या घरांचे पर्याय मोजावे लागतात, आणि ते `isSafe` ने केलं तर पाऊल बरंच महाग होतं. तक्त्यांचं खरं मोल इथे आहे. ९ बिटांचे मास्क वापरलेत तर `~(row[r] | col[c] | box[b]) & 0x1FF` मध्ये चालणारे आकडे एकदम मिळतात (तेव्हा १ साठी बिट ० धरायचा). फक्त घरांचा क्रम बदलला की काउंटरची वरची चाचणी लागू राहत नाही. मग उत्तरंच ताडून पाहायची.

असाइनमेंटमध्ये रांग, स्तंभ आणि चौकट यांची तीन वेगळी फंक्शन्स मागितली असतील आणि एक-दोन साधी कोडी सोडवून दाखवायची असतील, तर पहिला मार्ग घ्या. तोंडी परीक्षेत प्रत्येक ओळीचा अर्थ सांगता येतो आणि पुसण्याची जागा एकच असते. वेळेची मर्यादा असेल, शेकडो कोडी चालवायची असतील किंवा उत्तर एकमेव आहे का हे तपासायचं असेल, तर तक्ते घ्या, आणि कमी पर्यायांचं घर निवडण्याची जोडही त्यांना द्या. उत्तर एकमेव आहे का हे बघताना पहिलं उत्तर मिळाल्यावर `return true` करून चालत नाही. उत्तरं मोजत पुढे जायचं असतं आणि दुसरं सापडलं की थांबायचं. थांबेपर्यंत शोध चालूच असल्यामुळे, यश मिळालेल्या वाटेवरूनही नोंदी पुसत मागे यावं लागतं.

मी स्वतः आधी `isSafe` ची आवृत्ती पूर्ण करतो आणि तक्ते लिहायला घेतले तरी ती फाइल पुसत नाही. घरांचा क्रम तोच ठेवून दोन्हींचे काउंटर जुळले की मगच घर निवडण्याच्या कोडला हात लावतो.