आठ महिने, एक रबरी पंप, एक स्प्रिंग: तुंबलेल्या बेसिन-मोरीचा अनुभव

गेल्या नोव्हेंबरात दिवाळीची आवराआवर संपली आणि बाथरूममधल्या बेसिनने मान टाकली. नवऱ्याने दाढी केली की साबणाचं पाणी चार-पाच मिनिटं तसंच उभं. आमची मुलुंडची बिल्डिंग जुनी, आम्ही दुसऱ्या मजल्यावर. प्लंबरला एकदा बोलावलं की पुढच्या वेळेला तो फोन उचलत नाही, म्हणून हार्डवेअरच्या दुकानातून तीन वस्तू आणल्या: रबरी पंप, पाच मीटरची हँडलवाली स्प्रिंग आणि केस ओढून काढायची काटेरी प्लास्टिकची पट्टी. आठ महिने वापरून जे वाटलं ते लिहिते आहे.

आधी एक गोष्ट जी मला दुकानदाराने नाही, पुढे आलेल्या प्लंबरने सांगितली. आमच्यासारख्या बऱ्याच घरांत बेसिनचं पाणी थेट मोठ्या पाइपात जात नाही. ते बेसिनखालच्या बॉटल ट्रॅपमधून जमिनीतल्या न्हाणी ट्रॅपमध्ये येतं, म्हणजे मोरीच्या जाळीखाली जो खड्डा असतो त्यात, आणि तिथून पुढे बाहेरच्या उभ्या पाइपात. (प्लंबिंगच्या इंग्रजी पुस्तकांतही हा शब्द ‘नहाणी ट्रॅप’ असाच छापतात. आपली न्हाणी तिथे कायमची जाऊन बसली आहे.) म्हणून हत्यार हातात घेण्याआधी बेसिन अर्धं भरा, सोडा आणि मोरीच्या जाळीकडे बघा. बेसिन हळू उतरतंय पण जाळीखाली पाणी शांत आहे, तर घाण बेसिनच्याच ट्रॅपमध्ये आहे. बेसिन सोडल्यावर जाळीतून पाणी वर येतंय, तर अडथळा मोरीत किंवा तिच्या पुढे आहे. मग बेसिन उघडून वेळ घालवू नये.

आमचं पहिलं प्रकरण सरळ होतं, जाळी शांत होती. पट्टी बेसिनच्या भोकातून घातली, वर ओढली, केसांची काळी वेणी आली आणि पाणी थोडं सुधारलं. पण दोन दिवसांत पुन्हा तेच. मग बॉटल ट्रॅप उघडला. खाली बादली ठेवायची, ट्रॅपचा खालचा पेला हाताने डावीकडे फिरवायचा, घट्ट असेल तर ओलं फडकं गुंडाळून फिरवायचा. पान्याने जोर लावला तर प्लास्टिकचे आटे जातात. आत साबण, केस, टूथपेस्टचं झाकण आणि माझी तीन वर्षांपूर्वी हरवलेली कुडी. पेला धुवायला मी सवयीने त्याच बेसिनचा नळ सोडला आणि सगळं पाणी थेट माझ्या पायांवर. ट्रॅप हातात आहे हे डोक्यातच नव्हतं. पेला मोरीवर किंवा बादलीत धुवा.

परत बसवताना रबरी वॉशर त्याच्या खाचेत सपाट बसला आहे ना बघायचं. तिथे पांढरी टेप गुंडाळायची गरज नाही, गळती वॉशरच थांबवतो. मग खाली कोरडा पेपर पसरून बेसिन पूर्ण भरून एकदम सोडायचं. पेपरवर ठिपका पडला तर वॉशर वाकडा. आमचं बेसिन आता पंधरा-वीस सेकंदांत रिकामं होतं.

रबरी पंप चांगला आहे, पण दोन गोष्टी पाळल्या तरच. बेसिनला वरच्या कडेजवळ जास्तीचं पाणी जायचं भोक असतं, ते ओल्या फडक्याने दाबून धरावं लागतं, नाहीतर सगळा जोर तिथून निघून जातो. आणि पंपाची वाटी पाण्यात बुडलेली हवी, कोरड्यावर मारून नुसता आवाज होतो. पंधरा-वीस वेळा दाबून शेवटचा झटका वर ओढायचा.

बेकिंग सोडा आणि व्हिनेगर मीही करून बघितलं. फेस छान येतो. पण दोघं मिळून एकमेकांचा जोर मारतात आणि खाली उरतं ते जवळजवळ खारट पाणी. केसांच्या गुंत्याला त्याने काही होत नाही. साबणाच्या चिकट थरासाठी भांडी घासायचं लिक्विड आणि कढत, पण उकळतं नाही, असं पाणी जास्त उपयोगी. उकळत्या पाण्याने प्लास्टिकचा पाइप मऊ पडून सांधे सुटू शकतात.

ड्रेन साफ करायची पावडर सासूबाईंनी एकदा माझ्या नकळत मोरीत टाकली. त्यात कॉस्टिक असतं, पाणी लागलं की तापतं. पाणी कमी पडलं आणि ते ट्रॅपमध्ये दगडासारखं जमलं. दोन दिवस ते फोडायला कोणी हात लावेना, कारण असल्या ठिकाणी पंप मारला तर कॉस्टिक तोंडावर उडतं. त्यावर संडास साफ करायचं ॲसिड ओतणं आणखी वाईट: कॉस्टिक आणि ॲसिड एकत्र आले की उसळतं. ब्लीचवर ॲसिड गेलं तर क्लोरीन वायू. पावडर टाकली असेल तर प्लंबरला दारातच सांगा, त्याचे हात उघडे असतात.

मोरीसाठी आधी जाळी काढून आतली वाटी काढा. ती बाहेर येणारी असते हेच अनेकांना माहीत नसतं. वाटीभोवतीच्या पाण्यामुळे झुरळं आणि वास वर येत नाही, म्हणून साफ करून परत लावायलाच हवी. शेजारच्या काकूंनी ती ‘पाणी अडवते’ म्हणून फेकून दिली आणि मग महिनाभर वासाचं कारण शोधत बसल्या.

स्प्रिंगची खरी परीक्षा जूनमध्ये झाली. वॉशिंग मशीनने पाणी सोडलं की बाथरूममध्ये घोट्यापर्यंत पाणी. ट्रॅपमधून स्प्रिंग घातली, हँडल घड्याळाच्या दिशेने फिरवत पुढे सरकवली. अंदाजे दोन मीटरवर काहीतरी कडक लागलं. मऊ गुंता असता तर स्प्रिंग त्यात रुतली असती, इथे टक् असा आवाज आला. जोर लावला नाही, कारण जुन्या पाइपात स्प्रिंगने भोक पडलं की खालच्यांच्या छतावर डाग उमटतो. त्याच संध्याकाळी वरच्या मजल्यावर कोणी अंघोळीला बसलं आणि आमची मोरी गुडगुडली, नंतर त्यांचं साबणाचं पाणी वर आलं. आमचे सगळे नळ बंद होते. तिथेच स्प्रिंग बाजूला ठेवली.

प्लंबर आला, दोन मिनिटं ऐकून म्हणाला, “ताई, हे तुमच्या घरातलं नाही, कॉमन लाइन आहे. सेक्रेटरींना बोलवा.” वरच्या घरात टाइल्सचं काम झालं होतं. कामगारांनी सिमेंटची पाटी मोरीत धुतली होती, ते वळणावर जाऊन घट्ट झालं होतं. खर्च कोणाचा यावर सोसायटीत दोन बैठका झाल्या, तो वेगळा विषय. तोवर आम्ही मशीन लावलं नाही. खाली चेंबरचं झाकण उघडायला एक उत्साही सभासद निघाले होते, त्यांना प्लंबरनेच अडवलं: आत विषारी वायू असू शकतो.

वस्तूंबद्दल: काटेरी पट्टी तिसऱ्या महिन्यात दात तुटून बाद, एक दात ट्रॅपमध्येच सापडला. पंप तसाच ठणठणीत. स्प्रिंग पावसात गंजते, म्हणून वापरली की पुसून, वाळवून, तेलाचं बोट लावून डब्यात ठेवते. सध्या ती पहिल्या मजल्यावरच्या काकूंकडे आहे. बरोबर रबरी हातमोजे दिले आहेत, आणि आधी बेसिन सोडून जाळीकडे बघा, असंही.