रेझ्युमेसाठी कॅलिब्री, लाटो की जॉर्जिया?

नागपूरच्या मिहानमधल्या सॉफ्टवेअर कंपन्यांकडे अर्ज करण्यासाठी मी स्वतःचा इंग्रजी रेझ्युमे नव्याने मांडायला घेतला, तेव्हा हे तीन फॉन्ट माझ्यासमोर होते. छाननी करणाऱ्या सॉफ्टवेअरला अक्षरांचे रूप दिसत नाही. ते पीडीएफमधला मजकूर उचलते आणि त्यातले शब्द जाहिरातीशी जुळवते. म्हणून तो मजकूर शुद्ध निघतो की नाही, हेच फॉन्ट निवडताना आधी पाहावे, असे मला वाटते.

कॅलिब्री नीटनेटका आहे आणि जागाही कमी घेतो. माझी अडचण झाली ती त्यातल्या एका जोडणीमुळे. आपल्याकडे जोडाक्षर होते, तसे या फॉन्टमध्ये t आणि i मिळून एकच आकृती होऊ शकते. पीडीएफ बनवताना त्या आकृतीमागे मूळ दोन अक्षरांची नोंद नीट राहिली नाही, तर मजकुरात भलतेच चिन्ह उतरते. टेस्टरच्या जागेसाठी लिहिलेला माझा मजकूर पीडीएफमधून नोटपॅडमध्ये चिकटवला, तेव्हा testing, automation आणि certification हे शब्द tesƟng, automaƟon आणि cerƟficaƟon असे उमटले. ज्या शब्दांवर निवड व्हायची, नेमके तेच बिघडले होते, आणि पडद्यावर मात्र सारे निर्दोष दिसत होते. प्रत्येक पीडीएफमध्ये असे होतेच असे नाही. वर्डमध्ये Ctrl+D दाबून Advanced मध्ये Ligatures समोर None निवडले की ही जोडणी थांबते. तरीही दुसऱ्या संगणकावर किंवा दुसऱ्या प्रोग्राममध्ये फाइल उघडून पुन्हा पीडीएफ केली, तर ही काळजी नव्याने घ्यावी लागते, आणि ते मला नकोसे झाले.

लाटो देखणा आणि मोफत आहे, पण तो विंडोजबरोबर येत नाही. कंपनीने वर्डचीच फाइल मागितली, किंवा सीताबर्डीच्या झेरॉक्सच्या दुकानात ती उघडली, तर त्या जागी दुसराच फॉन्ट येऊन ओळी पुढच्या पानावर सरकू शकतात.

जॉर्जिया विंडोज आणि मॅक दोन्हींवर असतो. मॅथ्यू कार्टर यांनी तो मुळात पडद्यावर वाचण्यासाठी घडवला, त्यामुळे लहान आकारातही तो स्पष्ट राहतो. त्याच चाचणीत माझे तिन्ही शब्द अखंड निघाले, आणि अक्षरांच्या टोकांना सेरिफ म्हणजे बारीक रेघा नसलेल्या साध्या रेझ्युमेंच्या गठ्ठ्यात मुलाखत घेणाऱ्याला त्याचे वळण वेगळे दिसते. तो रुंद असल्याने मी अकराऐवजी साडेदहाचा आकार ठेवला. त्याचे आकडे मात्र ओळीच्या वर-खाली जातात, त्यामुळे फोन क्रमांक आणि टक्केवारी थोडी अस्थिर भासते. ते ज्यांना खटकेल त्यांना कदाचित कँब्रिया अधिक मानवेल. फॉन्ट कोणताही घेतला, तरी पाठवण्यापूर्वी तयार पीडीएफमध्ये Ctrl+F दाबून certification शोधावे. शब्द डोळ्यांसमोर असूनही सापडला नाही, तर ती फाइल पाठवू नये.