चार्जरची फाटलेली वायर: टेप, श्रिंक स्लीव्ह, नवी कॉर्ड की नवा अडॅप्टर?

लॅपटॉपच्या चार्जरची वायर बहुधा दोनच ठिकाणी जाते: अडॅप्टरच्या ठोकळ्यातून ती बाहेर पडते तिथे, किंवा पिनेच्या अगदी मागे. ठाण्याहून ऐरोलीला लोकलने जाणारा नोकरदार दर संध्याकाळी ती त्याच दोन जागी वाकवून बॅगेत कोंबतो, आणि तांब्याचे बारीक तंतू वारंवार वाकून कडक होत एकेक तुटत जातात. बाहेरचे आवरण फाटलेले दिसते, तोवर आतले काही तंतू आधीच तुटलेले असण्याची शक्यता मोठी असते. म्हणून टेप मारावी, स्लीव्ह चढवावी, नवी कॉर्ड जोडून घ्यावी की अडॅप्टरच बदलावा, याचे उत्तर आवरणाकडे पाहून मिळत नाही. आत काय झाले आहे हे आधी कळावे लागते.

फोनची केबल खराब झाली की चार्जिंग मंदावते आणि आपल्याला लगेच समजते. लॅपटॉपच्या चार्जरचे तसे नसते. समजा, तंतू तुटल्यामुळे एका जागी ०.१ ओहमचा जास्तीचा रोध तयार झाला आहे. फोनच्या ५ व्होल्ट, २ अँपिअरच्या केबलमध्ये तेवढ्याने ०.२ व्होल्ट कमी होतात, म्हणजे ४ टक्के, आणि फोन चार्जिंगचा वेग कमी करू लागतो. ६५ वॅटच्या चार्जरमध्ये १९.५ व्होल्टला सुमारे ३.३३ अँपिअर प्रवाह असतो. तिथे त्याच दोषाने साधारण ०.३३ व्होल्ट, म्हणजे दोन टक्क्यांहूनही कमी घट होते आणि लॅपटॉप काहीही तक्रार न करता चार्ज होत राहतो. मात्र वायरीच्या त्या तांदळाएवढ्या जागेत सुमारे १.१ वॅट उष्णता सतत निर्माण होत असते. ‘चार्ज तर होतोय’ हा पुरावा इथे चालत नाही. लॅपटॉप चालू असताना आणि बॅटरी निम्म्याहून खाली असताना अर्धा तास चार्जिंग लावावे, मग वायरीच्या संपूर्ण लांबीवरून बोटे फिरवावीत; उघडे तांबे असेल तिथे मात्र बोट लावू नये. ठोकळा गरम लागणे स्वाभाविक आहे, पण वायरीचा एखादाच टप्पा बाकीच्या भागापेक्षा गरम लागला, तर टेपचा आणि स्लीव्हचा प्रश्न तिथेच मिटतो.

दुसरी खूण अडॅप्टरच्या दिव्याची. गोल पिनेच्या बहुतेक वायरींमध्ये मधोमध आवरण असलेली धन तार आणि तिच्याभोवती ऋण तारांचे वेटोळे असते. बाहेरचे आवरण फाटल्यावर दिसते ते हे वेटोळे. त्याला बोट लागल्याने शॉक बसत नाही, आणि त्यामुळेच लोक निर्धास्त राहतात. पण तुटलेला एखादा तंतू आतल्या आवरणात घुसला की शॉर्ट होतो, अडॅप्टर स्वतःच बंद पडतो, दिवा विझतो आणि प्लग काढून पुन्हा लावल्यावर तो परत पेटतो. वायर हलवली की दिवा विझत असेल, तर ती वायर वापरातून काढावी.

या दोन्ही चाचण्यांत वायर उत्तीर्ण झाली आणि केवळ बाहेरचे आवरण चिरलेले असेल, तरच टेप आणि स्लीव्ह यांची तुलना करण्यात अर्थ आहे. इन्सुलेशन टेप स्वस्त आणि हाताशी असते, पण ठाण्याच्या दमट हवेत आणि अडॅप्टरच्या उष्णतेत तिचा गोंद सरकतो, कडा सुटतात आणि चिकट थरावर धूळ बसते. शिवाय ती वायरीला वाकण्यापासून रोखत नाही. दुकान गाठेपर्यंतचे दोन दिवस काढायला ती ठीक आहे. श्रिंक स्लीव्ह गरम केल्यावर आवळून बसते आणि वाक थोडा लांब भागावर पसरवते, म्हणून ती निश्चितच सरस आहे. अडचण एवढीच की ती पिनेवरून ओवावी लागते, त्यामुळे मूळ व्यासाच्या एक-तृतीयांशापर्यंत आवळणारी घ्यावी. पीनच जाड असेल तर हा मार्ग बंद होतो.

तंतू तुटलेले असतील तर उरतात दोन मार्ग. बिघाड पिनेमागे असेल, तर स्टेशनजवळच्या दुरुस्तीच्या दुकानात खराब तुकडा कापून नवी पिनेची कॉर्ड सोल्डर करून देतात, आणि मूळचा चांगला अडॅप्टर वाचवण्यासाठी हा व्यवहार मला योग्य वाटतो. काही चार्जरमध्ये पिनेच्या मधल्या बारीक सुईतून लॅपटॉपला अडॅप्टरची ओळख पटते. कॉर्ड जोडताना ती तिसरी तार सुटली, तर लॅपटॉप चालतो पण बॅटरी भरत नाही, म्हणून दुकानातून निघण्यापूर्वी बॅटरीची टक्केवारी वाढते आहे हे पाहावे. बिघाड ठोकळ्यापाशी असेल, तर चिकटवलेले कवच फोडावे लागते. आतला कपॅसिटर सुमारे ३२५ व्होल्टपर्यंत चार्ज झालेला असू शकतो, त्यामुळे हे काम घरी करू नये. आणि फोडून पुन्हा चिकटवलेल्या कवचापेक्षा नवा अडॅप्टर घेणे मला शहाणपणाचे वाटते. तो घेताना व्होल्ट तेच, अँपिअर तेवढे किंवा जास्त, आणि लेबलवर भारतीय मानक ब्यूरोची नोंदणीखूण, एवढे तपासावे.

भिंतीपासून ठोकळ्यापर्यंतची कॉर्ड हा वेगळा विषय आहे. तिच्यात २३० व्होल्ट असतात, म्हणून तिला टेपही नको आणि जोडही नको. ती सुटी आणि स्वस्त मिळते, तरीही तिच्यापायी अख्खा अडॅप्टर टाकून देणारे लोक मी पाहिले आहेत.

वाकलेल्या कनेक्टरचा निर्णय त्यामानाने सोपा आहे. गोल पिनेतली सुई प्लग काढून चिमट्याने एकदा सरळ करता येते. दुसऱ्यांदा वाकली की ती तुटण्याच्या बेतात असते. टाइप-सी केबलचे कवच चेपले असेल तर ते पक्कडीने सरळ करू नये, कारण तिरकी पीन लॅपटॉपच्या खाचेतली पातळ जीभ मोडू शकते, आणि ती बदलण्याचा खर्च केबलच्या कितीतरी पट असतो. टाइप-सीमध्ये झिजणाऱ्या स्प्रिंगा मुद्दामच केबलच्या बाजूला ठेवलेल्या आहेत, त्यामुळे पीन सैल वाटली की आधी केबल बदलून पाहावी. नवी केबलही सैलच बसत असेल, तर यंत्र बंद करून खाचेतला कापसासारखा मळ लाकडी टूथपिकने हलकेच काढावा. टाइप-सी केबल कापून जोडणे मात्र टाळावे. ६० वॅटपेक्षा अधिक शक्तीच्या केबलमध्ये ओळख सांगणारी चिप असते आणि बारीक तारांचा असा जोड विश्वासाचा राहत नाही. याउलट इंटरनेटच्या केबलची खिट्टी तुटली, तर कापून नवा कनेक्टर क्रिंप करणे हाच उत्तम उपाय आहे.

गुंडाळण्याच्या पद्धतींत ठोकळ्याभोवती घट्ट वेढे देणे सर्वांत वाईट, कारण प्रत्येक वेढ्याचा पहिला ताण नेमका वायर बाहेर पडते त्या जागी येतो. ठोकळ्याभोवतीच गुंडाळायची असेल, तर आधी तिथे दोन बोटे जातील एवढा सैल घेर सोडावा. कोपर आणि पंजा यांभोवती गुंडाळणे दिसायला नीटनेटके असते, पण प्रत्येक वेढ्याला वायरीत एक पीळ पडतो आणि उलगडताना तो गाठीच्या रूपाने बाहेर येतो. वीतभर रुंदीचे सैल वेढे घ्यावेत, एक वेढा नेहमीसारखा आणि पुढचा मनगट उलटे फिरवून आतल्या बाजूने. म्हणजे एकाचा पीळ दुसरा काढून टाकतो. बांधायला वेल्क्रोची पट्टी घ्यावी, कारण रबरबँड इथल्या उकाड्यात वितळून आवरणाला चिकटतो. पावसाळ्यात बॅग भिजली असेल, तर पीन झटकून, पुसून, पंख्याखाली पूर्ण वाळवल्याशिवाय चार्जिंग लावू नये. ओल्या पिनेत वीज गेली की तिच्यावर हिरवट थर धरतो, आणि तो खरवडला तर खालचा मुलामाही निघून जातो.