आरसी हरवली आणि एजंटच्या गोल शिक्क्याला भुललो

जुलैत तवसाळ-जयगड फेरीबोटीत गाडी चढवताना खिशातलं पाकीट पडलं, आरसी त्यातच. शोधलं, नाही मिळालं, पावसात काय दिसणार. दुसऱ्या दिवशी आरटीओत गेलो तर गेटबाहेर छत्रीखाली एक एजंट बसलेला. म्हणाला दादा, आरसी नसली की मोठा दंड बसतो, मी अर्ज टाईप करून आत देतो, 2200 द्या, आठ दिवसांत कार्ड घरी. घाबरलो, दिले. यूपीआयवर नाव भलतंच आलं तेव्हाच शंका यायला हवी होती खरं तर.

अर्ज मात्र झकास लिहिला होता, "माननीय महोदय, माझ्या वाहनाचे मूळ नोंदणी प्रमाणपत्र प्रवासात गहाळ झाले असून" वगैरे, खाली माझी सही, आणि तासाभराने तो आतून जांभळा गोल शिक्का मारून झेरॉक्स घेऊन आला, पेनाने आवक नंबर टाकलेला. मी खूश. सोबत पाच-सहा कोऱ्या फॉर्मवर सह्या घेतल्या, पाऊस होता, बोटीची वेळ होत होती, मी बघितलं पण नाही.

महिना गेला तरी काही नाही. शेवटी भाच्याने vahan.parivahan.gov.in वर गाडी नंबर टाकून बघितलं तर माझा एकही अर्ज नाही. खिडकीवर गेलो तर मॅडमनी शिक्का बघून सांगितलं हा आमचा नाहीच. आणि नुसत्या पत्रावर डुप्लिकेट मिळतच नाही हो, फॉर्म 26 लागतो, पोलीस स्टेशनचा हरवल्याचा दाखला लागतो, इन्शुरन्स, पीयूसी लागते, आणि माझी गाडी लोनवर होती, हप्ते संपले तरी आरसीवर फायनान्सचा बोजा तसाच, म्हणून फॉर्म 26 वर फायनान्सवाल्याची सही. एजंटने यातलं काहीही मागितलं नव्हतं, तेव्हाच कळायला हवं होतं.

मग स्वतः केलं. ऑनलाईन अर्ज भरला, टू व्हीलरची डुप्लिकेटची फी 150 आणि स्मार्ट कार्डाचे 200, पोस्टाचे वेगळे. पैसे भरल्यावर पावतीवर अॅप्लिकेशन नंबर येतो, तो साईटवर टाकला की अर्ज कुठे अडकलाय ते दिसतं. खरी पावती म्हणजे ती, शिक्का नव्हे. आणि दंडाची भीती पण उगाच होती, डिजीलॉकर किंवा एमपरिवहनमधली आरसी तपासणीत चालते, माझ्या फोनमध्ये होतीच ती, मलाच माहीत नव्हतं.

कार्ड आलंय. पण सह्यांच्या त्या गठ्ठ्यात फॉर्म 29 आणि 30 होते असं आता आठवतंय, म्हणजे गाडी दुसऱ्याच्या नावावर करायचे. एजंट फोन उचलत नाही. आरसीला माझाच मोबाईल नंबर आहे ना ते बघून घेतलंय आणि ऑफिसात लेखी कळवलंय, पोच घेतली, या वेळी खिडकीवरच उभं राहून.