हॉटेलातल्या जेवणाच्या कॅलरी: बटर-तेलाची वेगळी नोंद करून पाहिल्याचा साडेसहा महिन्यांचा अनुभव

घरी मी प्रत्येक पदार्थ काट्यावर मोजून कॅलरी नोंदवण्याच्या ॲपमध्ये लिहितो. हॉटेलातल्या जेवणासाठी मात्र ॲपच्या यादीतली तयार नोंद निवडत असे. अशी जेवणे आठवड्यातून दोन होती. पहिल्या १२ आठवड्यांच्या नोंदींनुसार रोज सरासरी ३०० कॅलरींची तूट पडत होती, म्हणजे एकूण २५,२०० कॅलरी. एक किलो चरबीमागे साधारण ७,७०० कॅलरी धरल्या, तर वजन सुमारे ३.३ किलोने उतरायला हवे होते. सात दिवसांच्या सरासरीवरून पाहिले, तेव्हा ते १.९ किलोनेच उतरले होते.

या फरकाचा हिशेब साडेदहा हजार कॅलरींच्या आसपास येतो आणि २४ जेवणांवर वाटला तर प्रत्येक जेवणामागे साधारण ४४० कॅलरी होतात. पण सगळा दोष हॉटेलावर टाकण्याआधी घरच्या नोंदी तपासणे आवश्यक होते. म्हणून पुढचे चार आठवडे बाहेर अजिबात जेवलो नाही. तितकीच तूट ठेवल्यावर अपेक्षित घट १.१ किलो होती आणि प्रत्यक्षात ती १ किलो झाली. घरचा काटा आणि घरच्या नोंदी ठीक होत्या, हे तेव्हा पटले.

चूक नेमकी कुठे होते, हे एका डब्याने दाखवले. मशरूम आणि क्रीम सॉस घातलेला पास्ता मी अर्धा खाल्ला आणि उरलेला अर्धा डब्यात भरून घरी आणून फ्रिजमध्ये ठेवला. सकाळी डबा उघडला तेव्हा सॉसवर आणि डब्याच्या कडेने पिवळसर थर घट्ट बसला होता. तो चमच्याने खरवडून काट्यावर ठेवला, तर ११ ग्रॅम भरला. पास्ता गरम पाण्याने धुऊन, निथळून तोलला, तर १२० ग्रॅम झाला. मशरूम ४० ग्रॅम आणि बाकीचा सॉस सुमारे ९० ग्रॅम होता.

पूर्ण प्लेटसाठी हे आकडे दुप्पट केले. शिजलेल्या २४० ग्रॅम पास्त्याच्या ३८० कॅलरी आणि मशरूमच्या जेमतेम २०. खरवडलेला २२ ग्रॅम थर बहुतेक शुद्ध स्निग्धांशच होता, त्याच्या ग्रॅमला ९ प्रमाणे २००. उरलेल्या सॉसमध्ये निम्मे, म्हणजे ९० ग्रॅम घट्ट क्रीम धरले, तर आणखी ३०० आल्या. बेरीज ९०० झाली. ॲपमधली नोंद ५२० ची होती. क्रीमचा आकडा हा अंदाजच आहे, कारण सॉसमध्ये एकजीव झालेले क्रीम थंड झाल्यावरही वेगळे होत नाही. तरी पास्ता आणि मशरूम यांत फारशी चूक संभवत नाही आणि तफावत स्निग्ध पदार्थांमुळेच आहे, एवढे यातून स्पष्ट झाले.

म्हणूनच ‘हॉटेलचे आहे, तर सरसकट दीडपट धरा’ हा प्रचलित उपाय मला चुकीचा वाटतो. तो उकडलेल्या भातालाही फुगवतो आणि क्रीमच्या सॉसला मात्र पुरा पडत नाही. त्याऐवजी मी पदार्थ तेलाविना असल्याप्रमाणे नोंदवतो आणि बटर, तेल, क्रीम यांची वेगळी नोंद करतो. मोठा चमचाभर तेल म्हणजे सुमारे १२० कॅलरी, तेवढेच बटर १०० आणि घट्ट क्रीम ५०. भाजलेल्या, कोरड्या पदार्थाला एक चमचा तेल धरतो, कारण वाढण्याआधी वरून बटर फिरवलेले असण्याची शक्यता मोठी असते. परतलेल्या भाज्यांना दोन चमचे तेल धरतो. क्रीमच्या सॉसला दोन चमचे बटर आणि सहा चमचे क्रीम लिहितो. खाऊन झाल्यावर प्लेटच्या तळाशी तेल साचलेले दिसले, तर ते पोटात गेलेले नसल्यामुळे अर्धा ते एक चमचा वजा करतो.

तळलेल्या पदार्थांबाबत ही पद्धत कमी पडते. आवरणाने किती तेल शोषले हे डोळ्यांना दिसत नाही, त्यामुळे तिथे मी तळलेल्या पदार्थाचीच तयार नोंद घेतो आणि वजनाचा अंदाज जरा सढळ ठेवतो.

एक चूक मी बरेच दिवस करत होतो. बाहेर जेवल्याच्या दुसऱ्या सकाळी काटा किलोभर वर जाई आणि ते बटरचे वजन समजून मी त्या दिवशी जेवण तोडत असे. एवढी वाढ प्रामुख्याने मिठामुळे साठलेल्या पाण्याची आणि पोटातल्या अन्नाची असते व दोन-तीन दिवसांत ओसरते. अंदाज बरोबर होता की नाही, हे त्या सकाळच्या आकड्यावरून ठरवता येत नाही. त्यासाठी किमान चार आठवड्यांच्या सरासरी लागतात.

वेगळी नोंद सुरू केल्यानंतरच्या १२ आठवड्यांत बाहेरची जेवणे तेवढीच ठेवली. नोंदींप्रमाणे रोजची तूट सरासरी २४० कॅलरींची होती, म्हणजे अपेक्षित घट २.६ किलो. प्रत्यक्षात वजन २.४ किलोने उतरले. उरलेल्या फरकासाठी क्रीमचे सहा चमचे आता सात केले आहेत; बाकीचे आकडे तसेच ठेवले आहेत.